नकार दिलेल्या कंपनीत पुन्हा अर्ज करताना जुन्या मुलाखतीबद्दल काय लिहायचं

तालुक्याच्या गावी माझं अर्ज भरण्याचं केंद्र आहे. त्याआधी मी काही वर्षं एका बियाणे कंपनीत फिल्डवर होतो. त्या कंपनीने मला पहिल्यांदा नाकारलं होतं, दुसऱ्यांदा घेतलं. त्यामुळे 'एकदा नाही म्हटलं की तिथं परत तोंड दाखवू नये' असं कोणी पोरांना सांगितलं की मला राग येतो. तितकाच राग 'नवीन नंबर टाक, नवीन मेल काढ, जुनं काही सांगूच नको' या सल्ल्याचा येतो.

बायोडाटा, फोटो, मार्कशीट हे तुम्हाला जमतं, त्यावर वेळ घालवत नाही. नकारानंतर किती थांबायचं ते आधी नकाराच्या मेलमध्ये बघा. तिथं मुदत दिली असेल तर ती पाळा. दिली नसेल तर सहा महिने धरा. आमच्याकडच्या बियाणे-खतांच्या कंपन्या फिल्डची माणसं खरिपाच्या आधी शोधतात. म्हणून मे महिन्यात नकार आला असेल तर पुढच्या फेब्रुवारीत अर्ज टाकलेला बरा. मधे एक हंगाम जातो, आणि तो हंगामच तुमच्या कामी येणार आहे.

मोबाईल नंबर आणि मेल मागच्या वेळचेच ठेवा. यात एक अडचण आमच्याच धंद्यातून येते. कित्येक केंद्रवाले घाईत अर्जावर स्वतःचा मेल टाकून मोकळे होतात, आणि पोराला आपला अर्ज कोणत्या मेलवरून गेला हेच माहीत नसतं. केंद्रात जाऊन विचारा, जुनी पावती काढून घ्या. फॉर्ममध्ये 'यापूर्वी अर्ज केला आहे का' असं विचारलं असेल तर 'हो' लिहा. जुना अर्ज त्यांच्याकडे राहिलेला असू शकतो, आणि लपवलेलं सापडलं की पुढचं काही वाचलं जात नाही.

आता खरं अवघड काम. अर्जासोबतच्या पत्रात मागच्या मुलाखतीबद्दल दोन-तीन वाक्यं लिहायची असतात, आणि पोरं तिथंच अडकतात. मीही अडकलो होतो. माझ्या पहिल्या मसुद्यात अर्धा कागद आभार होते आणि अर्धा कागद मनातली सल. 'मागच्या वेळी मला संधी मिळाली नाही, तरी यावेळी विचार व्हावा' असं लिहिलं होतं. वडिलांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "बापू, हे तर कर्जमाफीच्या अर्जासारखं वाटते." तो कागद मी फाडला.

मग त्या मुलाखतीत नेमकं काय झालं ते आठवत बसलो. अकोल्याचं ऑफिस, मे महिन्याचं ऊन, कुलरचा आवाज. साहेबांनी विचारलं, कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी फवारणी कधी करायची? मी म्हणालो, अळी दिसली की. त्यांनी मला थांबवलं, माझ्याच बायोडाट्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढून पकडणारा सापळा, काढला आणि हिशोब सांगितला. पतंगांवर लक्ष ठेवायला एकरी दोन सापळे पुरतात. सापळ्यामागे रोज आठ पतंग असे लागोपाठ तीन दिवस आले, की फवारणीची वेळ झाली. अळी एकदा बोंडात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून पतंग मोजायचे. निवड होणार नाही हे त्यांना तेव्हाच कळलं असावं, तरी त्यांनी दहा मिनिटं दिली. लिहिण्यासारखं होतं ते एवढंच. त्या खरिपात मी आमच्या वावरात सापळे लावले, आणि फेब्रुवारीत हे पत्र पाठवलं:

'नमस्कार सर, गेल्या मे महिन्यात अकोला कार्यालयात आपण माझी मुलाखत घेतली होती. बोंडअळीच्या फवारणीबद्दल माझं उत्तर अपुरं होतं, तेव्हा आपण कागदावर सापळा काढून मला हिशोब समजावून सांगितला. त्याचा मला फार उपयोग झाला. या खरिपात आमच्या तीन एकर पऱ्हाटीत मी सहा सापळे लावले, पेरणीनंतर ४५ दिवसांपासून रोज पतंग मोजून वहीत लिहिले, आणि तीन दिवस सलग आठच्या वर आकडा गेल्यावरच फवारणी केली. त्या वेळी माझी निवड झाली नव्हती. त्याच पदासाठी पुन्हा अर्ज करत आहे. बायोडाटा जोडला आहे, वही मुलाखतीला आणता येईल.'

यात 'निवड झाली नव्हती' हे एकदाच आहे, आणि त्याला 'दुर्दैवाने' वगैरे काही जोडलेलं नाही. आभार एका गोष्टीचे आहेत आणि ती गोष्ट त्या साहेबांना आठवू शकते. 'आपल्यासारख्या नामवंत कंपनीत' असली वाक्यं कुठल्याही कंपनीला चालतात, म्हणून ती वाचणाऱ्याला लागत नाहीत. आभारानंतर लगेच तुम्ही त्या बोलण्याचं पुढे काय केलं ते आलं पाहिजे. ते नसेल तर आपुलकी नुसती गोड बोलणी वाटते. आणि जे केलं नाही ते लिहू नका. वही मागितली तर काय दाखवाल?

एक चूक मी फार वेळा खोडली आहे. मुलाखत घेणारा निघताना 'पुढच्या वेळी बघू' म्हणतो, आणि पोरगा पत्रात लिहितो, 'आपण पुढच्या वेळी घेण्याचं कबूल केलं होतं.' असं लिहू नका. तो सौजन्याने बोलला होता, तुम्ही त्याचा वायदा केला, आणि आता त्याला त्याच्या वरच्या साहेबांपुढे उत्तर द्यावं लागतं. 'मी कुठं कमी पडलो' हेही या पत्रात विचारू नका. ते विचारायचं असेल तर नकार आल्याच्या आठवड्यात विचारायचं असतं.

मुलाखत ज्या भाषेत झाली त्याच भाषेत पत्र लिहा. ते साहेब बदलून गेले असतील तर पत्र शाखेच्या नावाने करा आणि 'त्या वेळी मुलाखत घेणाऱ्या सरांनी' असं म्हणा. त्यांचं नाव शिफारशीसारखं वापरू नका. मुलाखतीतलं काहीच आठवत नसेल तर तारीख आणि ठिकाण लिहून पुढे जा, ओढूनताणून प्रसंग रचू नका. म्हणून मी आता पोरांना सांगतो, मुलाखत झाली की येष्टी यायच्या आधी स्टँडवरच बसून प्रश्न लिहून काढा.

नकार शिक्षणाच्या अटीमुळे आला असेल, म्हणजे त्यांना कृषी पदवी हवी आणि तुमच्याकडे पदविका आहे, तर कितीही चांगलं पत्र उपयोगी पडत नाही. त्या कंपनीतलं दुसरं पद बघा आणि पत्रात मुलाखतीचा उल्लेख तसाच ठेवा.

मेल जुन्या मुलाखतीच्या मेललाच उत्तर म्हणून पाठवा, म्हणजे मागचं बोलणं त्याखालीच दिसतं. फॉर्म वेगळा भरायचा असेल तर तोही भरा. साहेबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री काही टाकू नका. पंधरा दिवसांनी ऑफिसच्या नंबरवर एक फोन करा, दिवसा, जेवणाची वेळ टाळून. मला अकराव्या दिवशी त्यांचाच फोन आला. वही घेऊन या, एवढंच म्हणाले.