दुसऱ्या दिवशीही मऊ राहणारे सिनॅमन रोल

घरचे सिनॅमन रोल गरम असताना झकास लागतात, सकाळी मात्र पार कोरडे. त्यावर तांगझोंग, म्हणजे थोडा मैदा दुधात शिजवून केलेली खळ, पिठात घालून बघा.

१. ४०० ग्रॅम मैद्याची कृती असेल तर त्यातलाच २५ ग्रॅम मैदा आणि त्यातलंच १२५ मिली दूध घ्या, वरचं नको. थंड असतानाच गुठळ्या मोडा.
२. मंद आचेवर ढवळत राहा. चमच्यामागे तळाला रेघ उमटून क्षणभर टिकली की लगेच उतरवा. खिरीपेक्षा घट्ट, खळीसारखं दिसतं.
३. कोमट झाल्यावर यीस्ट आणि बाकी साहित्यात मिसळून मळा, लोणी शेवटी.

गरम खळ घातली तर यीस्ट मरतं. आणि पीठ हाताला चिकटतंय म्हणून वरून मैदा भुरभुरू नका. दहा-बारा मिनिटं मळलं की आपोआप सुटतं.