ऑडिशनच्या दाराबाहेर काय सांगावं

पहिल्या ऑडिशनला दाराबाहेर बसले होते तेव्हा चार जणांनी मला ‘अजिबात घाबरू नकोस’ असं सांगितलं. पहिल्याने सांगेपर्यंत मी बरी होते. चौथ्याचं बोलणं संपलं तोवर तळहातांना घाम सुटला होता.

आत तीनतालातली मध्यलयीची बंदिश म्हणायची होती, मुखडा नवव्या मात्रेपासून. सा लावला तो किंचित चढा लागला. त्याहून वाईट म्हणजे तबलजींना लय दिली ती रोजच्यापेक्षा बरीच चढी. मला मात्र ती अगदी बरोबर वाटत होती! अंतरा कसाबसा निघाला, पण तानेला दम पुरेना, आणि परतताना मुखडा एक मात्रा आधीच पडला.

नंतर कळलं की यात नवल काही नव्हतं. घाबरल्यावर हृदय जोरात धडधडतं, श्वास छातीतच वरवर राहतो, मान आणि जबडा आवळला जातो. अंगच धावत असतं, त्यामुळे नेहमीची लय रेंगाळल्यासारखी वाटते आणि आपण ती नकळत वाढवतो. म्हणजे तयारी कमी नव्हती, सुरुवात चुकली होती. पुढच्या वेळी गुरुजी एवढंच म्हणाले, “धडधडणारच. धडधडू दे. तू आधी श्वास सोड आणि सा ऐक.”

या वाक्यात करायला काहीतरी होतं, म्हणून ते उपयोगी पडलं. ‘शांत हो’ म्हटल्यावर नक्की करायचं काय? श्वास ‘घे’ म्हटलं तरी घाबरलेला माणूस आधीच भरलेल्या छातीत आणखी हवा कोंबतो. आधी सोडला की पुढचा आपोआप खाली पोटापर्यंत जातो. मग तानपुऱ्याची दोन आवर्तनं नुसती ऐकायची आणि तिसऱ्याला सूर लावायचा. ही दहा-बारा सेकंदं गाणाऱ्याला युगासारखी वाटतात, पण समोरच्यांना खटकत नाहीत.

लयीचा उपाय मला घरी सापडला. दोन मजले धावत चढून यायचं आणि धाप लागलेली असतानाच तानपुरा लावून बंदिश उचलायची. रेकॉर्डिंग ऐकलं, मेट्रोनोम लावून पाहिला. एरवी मिनिटाला 120 मात्रांनी म्हणत होते ती बंदिश 134 वर गेली होती. तेव्हापासून लय देण्याआधी मी मुखडा मनात म्हणत नाही, सगळ्यात अवघड तान म्हणते. ती ज्या लयीत स्वच्छ निघते, तीच लय द्यायची. पंधरा दिवस रोज चार-पाच वेळा हे केलं आणि धडधडत असतानाही सुरुवात हाताशी आली. तयारीवर भरवसा ठेव म्हणतात, तो मला या रेकॉर्डिंगांमुळे वाटायला लागला.

2014 साली हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात कॅरिओके गाण्याआधी काहींनी ‘मला धास्ती वाटतेय’ असं म्हणायचं होतं, काहींनी ‘मला उत्साह वाटतोय’ असं. उत्साहवाल्यांचं गाणं जास्त अचूक आलं. म्हणून मैत्रिणीला धीर द्यायचा तर तिची धडधड नाकारू नका, तिला दुसरं नाव द्या: “अंग गाण्यासाठी तयार झालंय.”

एका बाबतीत मात्र शब्दांवर विसंबू नका. भीतीने धरलेला गळा हळू आवाजात दहा मिनिटं गुणगुणलं की सहसा मोकळा होतो. पण एरवी सहज लागणारा तार षड्ज हलक्या आवाजात लागतच नसेल, जोर लावला तरच निघत असेल, तर स्वरतंतू सुजले असण्याची शक्यता आहे. अशा वेळी शक्य असेल तर तारीख बदलून मागावी, नाहीतर पट्टी अर्ध्या स्वराने उतरवावी. आयत्या वेळी पाणी ढोसूनही उपयोग नाही. पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंना लागत नाही. घोटभराने तोंडाची कोरड जाईल, बाकीचं पाणी आदल्या दिवसापासूनच प्यायचं.

आणि परीक्षकांनी दीड मिनिटात ‘पुरे’ म्हटलं तर? माझी निवड झाली त्या ऑडिशनला मला अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीतच थांबवलं होतं. बाहेर येऊन मी रडले होते.

परवा एका धाकट्या गुरुभगिनीचा दाराबाहेरून मेसेज आला, ‘ताई, हात बर्फ झालेत.’ मी लिहिलं, ‘होऊ देत, हातांनी गायचं नाहीये. श्वास सोड. सा ऐक. तान मनात म्हण आणि मग लय दे.’ तासाभराने तिचं उत्तर आलं, ‘लय बरोबर दिली. पण पर्स आतच राहिली.’