स्वतंत्र संचालकाची मुदत कशी मोजावी, आणि ती संपल्यावर नवा माणूस कसा शोधावा

कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतली एक कल्पित कंपनी घेऊ. पब्लिक लिमिटेड, पण शेअर बाजारात नोंदलेली नाही. भरणा भांडवल 6 कोटी, उलाढाल 140 कोटी. उलाढाल 100 कोटींच्या वर असल्याने तिला किमान दोन स्वतंत्र संचालक ठेवावे लागतात. त्यांपैकी एक, अभियांत्रिकी कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक, 1 ऑक्टोबर 2016 ला तीन वर्षांसाठी नेमले गेले आणि 2019 मध्ये आणखी तीन वर्षांसाठी.

पहिलं काम म्हणजे हिशेब. सप्टेंबर 2022 मध्ये कंपनीत सगळ्यांना वाटतं, ‘सर सहाच वर्षं होते, दहाला अजून चार बाकी आहेत.’ इथेच गाडं अडतं. कंपनी कायदा 2013 चं कलम 149 एका मुदतीला जास्तीत जास्त पाच वर्षं देतं आणि सलग दोनच मुदती देतं. मुदत पाचपेक्षा कमी वर्षांची ठेवता येते, पण तीही एक अख्खी मुदत धरली जाते, असं कंपनी मंत्रालयाने जून 2014 च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. म्हणजे सरांच्या दोन मुदती संपल्या आणि 30 सप्टेंबर 2022 ला त्यांना उतरावंच लागेल. म्हणून वर्षं बेरजेत धरण्याआधी नेमणुकीचे ठराव काढून मुदती मोजा. 1 एप्रिल 2014 पूर्वीचा काळ मात्र या मोजणीत येत नाही. ठराव चाळताना दुसऱ्या मुदतीसाठी विशेष ठराव झाला होता का, हेही बघा. साधा ठराव तिथे चालत नाही.

आता कूलिंग-ऑफ. सरांना परत आणायचं तर तीन वर्षं थांबावं लागेल, म्हणजे 1 ऑक्टोबर 2025 च्या आधी नाही. या काळात त्यांचा कंपनीशी कुठल्याही नात्याने, थेट किंवा आडून, संबंध नको. गडबड बहुतेक वेळा सद्भावनेतून होते. ‘संचालक नाही तर सल्लागार म्हणून राहा’ असं म्हणत महिन्याचं मानधन सुरू होतं, किंवा त्यांना साध्या बिगर-कार्यकारी संचालकाची खुर्ची दिली जाते. दोन्हीला कायद्याची मनाई आहे. तपासायचं असेल तर लेखा विभागाकडून त्या तीन वर्षांतली त्यांच्या नावावरची देणी काढून घ्या. सन्मान समारंभाची शाल सोडून दुसरं काही दिसलं, तर कंपनी सेक्रेटरीशी बोला.

दरम्यान खुर्ची रिकामी ठेवता येत नाही. संचालक मंडळाची पुढची बैठक किंवा तीन महिने, यांत जे नंतर येईल तोपर्यंत ती भरायची असते. मुदत संपण्याची तारीख आधीच ठाऊक असते, तेव्हा शोध तीन-चार महिने अगोदर सुरू केलेला बरा.

शोधाची जागा म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कॉर्पोरेट अफेअर्स ही मानेसरची संस्था सांभाळते ती डेटाबँक: independentdirectorsdatabank.in. ओळखीतलाच माणूस घ्यायला हरकत नाही, पण त्याचं नाव या यादीत असायला हवं. नाव घातल्यापासून दोन वर्षांत ऑनलाइन परीक्षा 50 टक्के गुणांनी पार करावी लागते. कितीही वेळा बसता येतं, पण मुदतीत जमलं नाही तर नाव वगळलं जातं. म्हणून उमेदवाराकडून दोन कागद मागा: नोंदणी आजही चालू असल्याचा पुरावा, आणि परीक्षेचं प्रमाणपत्र किंवा सूट असल्यास तिचा आधार.

सूट नीट तपासा. नाव नोंदवण्याआधी एकूण तीन वर्षं शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत, किंवा 10 कोटी वा जास्त भरणा भांडवलाच्या पब्लिक कंपनीत संचालक असलेल्याला परीक्षा माफ असते. आपल्या कंपनीचं भांडवल 6 कोटी. म्हणजे 2025 मध्ये सर परत आले तरी इथली सहा वर्षं सूट मिळवायला उपयोगाची नाहीत. दुसरा आधार नसेल तर परीक्षा द्यावीच लागेल.

यादीत नाव आहे म्हणजे माणूस स्वतंत्र आहे, असा मात्र अर्थ होत नाही. पारखून घेण्याची जबाबदारी कलम 150 ने कंपनीवरच टाकली आहे. तो प्रवर्तकांचा नातेवाईक आहे का, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत कंपनीचा नोकर होता का, कंपनीशी त्याचे पैशांचे व्यवहार आहेत का, हे विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. माझ्या मते, उमेदवाराला प्रवर्तकांच्या गैरहजेरीत एकदा भेटणं या सगळ्या फॉर्मांपेक्षा जास्त सांगून जातं.

मग संमतीपत्र DIR-2 घ्या, नेमणूक सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्या आणि 30 दिवसांत नेमणूक कळवणारा DIR-12 फॉर्म कंपनी निबंधकाकडे भरा. नेमणूकपत्रात मुदतीची सुरुवातीची आणि शेवटची, दोन्ही तारखा लिहा.