मळणीची गोळी आदल्या रात्रीच घ्या

दादर ज्वारीची मळणी सुरू झाली की आमच्या अमळनेरकडे निम्मं गाव शिंकत असतं. थ्रेशरचा भुसा नाकात गेला, शिंकांचा सपाटा लागला की मग लोक ॲलर्जीची गोळी सेट्रिझिन शोधतात. तोवर उशीर झालेला असतो. गोळीचा गुण यायला साधारण तासभर लागतो, आणि अंगात सुटलेलं, शिंका आणणारं हिस्टामाइन ती परत घेत नाही, फक्त पुढचा मारा अडवते.

माझा चुलतभाऊ सकाळी आठला यंत्रावर उभा राहतो. तो १० मिलिग्रॅमची सेट्रिझिन आदल्या रात्री नऊला घेतो. तिचा असर जवळपास २४ तास टिकतो, म्हणजे मळणी सांभाळली जाते आणि गुंगीचा बराच भाग झोपेत निघून जातो. बराच, सगळा नाही. काहींना सकाळीही डोकं जड वाटतं, म्हणून पहिली गोळी ट्रॅक्टर किंवा मोटरसायकल चालवायची नसेल अशा दिवसाआधी घेऊन बघा. बारावीच्या पोरांनीही परीक्षेच्या आदल्या रात्री नवी गोळी सुरू करू नये.

दिवसा गाडी हाकायचीच असेल तर डॉक्टरांना फेक्सोफेनाडिनबद्दल विचारा. तिने झोप फार कमी येते. मात्र ती पाण्याबरोबरच घ्या, संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाने ती अंगी कमी लागते. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, ते चांगलंच पेंगवतं. ती जोडीला नको, दारू तर नकोच.

छातीत घरघर किंवा धाप असेल तर या गोळीच्या भरवशावर राहू नका, दवाखाना गाठा. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मात्रा आधी विचारून घ्यावी.