चौकटीला उधई लागली का, हे असं ओळखा

पहिल्या पावसानंतर घरात पंखवाले किडे येतात, सकाळी दाराशी नुसत्या पंखांचा सडा दिसतो. तो झाडून टाकण्याआधी चौकटीचा पाय बघा. उधई ओल धरून जमिनीतून वर चढते, म्हणून सुरुवात बहुतेक तिथूनच होते.

चौकट आणि भिंतीच्या फटीत पेन्सिलीएवढी मातीची रेघ दिसली, तर ती सगळी खरवडू नका. मधला बोटभर तुकडाच फोडा. आत पांढुरक्या मुंग्यांसारखे किडे वळवळत असतील तर शंकाच नको. रिकामी दिसली तरी दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघा. फोडलेली जागा ओल्या मातीनं बुजली असेल तर उधई चालू आहे. नाही बुजली, म्हणून निर्धास्त होऊ नका, ती दुसऱ्या वाटेनंही गेलेली असते.

आमच्या भिंतीतल्या कपाटाचा रंग शाबूत होता. पेचकसाच्या मुठीनं ठोकलं तर खालची फळी पोकळ वाजली, टोक लावताच आत शिरलं.

बारीक गोल छिद्रं आणि पिठासारखा भुसा दिसला तर तो घुण. उधई माती भरते.