अनियमित उत्पन्न, किरकोळ रिटर्न: कर्ज मागताना या चुका टाळा

स्वतःचा व्यवसाय असलेल्यांची सर्वांत मोठी चूक अर्ज भरण्याआधीच होते. ते स्वतःची पात्रता उलाढालीवरून मोजतात. कर्ज देणारा मात्र आयकर रिटर्नमधला निव्वळ नफा बघतो, तोही साधारण दोन वर्षांच्या सरासरीने.

एक छायाचित्रकार घ्या. उलाढाल 18 लाख, पण खर्च वजा जाता नफा पहिल्या वर्षी 3.6 लाख आणि दुसऱ्या वर्षी 6 लाख. सरासरी 4.8 लाख, म्हणजे महिन्याला 40 हजार. यातला निम्मा भाग हप्त्यांसाठी धरला तर 20 हजार होतात. जुन्या कर्जाचा 6 हजारांचा हप्ता चालू असेल, तर नव्यासाठी उरले 14 हजार. 10 टक्के व्याज आणि 15 वर्षांची मुदत धरली, तर त्यात सुमारे 13 लाख बसतात.

आता त्याच कागदांत काय राहून गेलं ते बघा. कॅमेऱ्यांचा घसारा पहिल्या वर्षी 60 हजार आणि दुसऱ्या वर्षी 1.2 लाख दाखवला आहे. घसारा म्हणजे खिशातून गेलेला पैसा नव्हे, म्हणून बरेच कर्जदाते तो नफ्यात परत मिळवतात. पण त्यासाठी नुसतं रिटर्न पुरत नाही, नफा-तोटा पत्रकही जोडावं लागतं. ते जोडलं की हप्त्याची ताकद 17,750 वर जाते आणि कर्ज साडेसोळा लाखांच्या आसपास. जुन्या कर्जाचे थोडेच हप्ते उरले असतील तर ते आधी फेडा. त्या 6 हजारांमुळे आणखी साडेपाच लाखांची पात्रता अडकलेली असते. मी तरी कागद गोळा करण्याआधी हेच बघायला सांगतो.

वर्षांचा क्रम उलटा असता, म्हणजे आधी 6 आणि मग 3.6 लाख, तर सरासरी काढली जाईलच असं नाही. उतरत्या नफ्यात अनेकदा कमी असलेलं, ताजं वर्षच धरतात. असं एखादं वर्ष मध्ये आलं असेल तर पुढचं रिटर्न भरेपर्यंत थांबलेलं बरं.

थांबायचं नाही म्हणून काहीजण अर्जाच्या तोंडावर फुगवलेलं रिटर्न भरतात. खात्यात तेवढी जमा दिसत नाही आणि तपासणारा तिथेच थबकतो. नातेवाइकांकडून आणून भरलेली मोठी रोख रक्कम किंवा स्वतःच्याच दोन खात्यांत फिरवलेला पैसाही असाच उघडा पडतो.

रिटर्न खरोखरच किरकोळ असेल, तर खात्याच्या उताऱ्यावर कर्ज देणारे विचारा. ते 12 ते 24 महिन्यांची व्यवसायाची जमा धरतात, त्यातून खर्चाचा ठरावीक हिस्सा वजा करतात. व्याज जास्त लागतं, स्वतःची रक्कमही जास्त घालावी लागते. आणि घरखर्च व धंदा एकाच खात्यात असेल तर कुठली जमा धंद्याची, हे सांगता सांगता नाकी नऊ येतात. त्यामुळे वेगळं खातं निदान वर्षभर आधी उघडायला हवं.