गर्डलिंग करताना आणि पानातली साखर समजून घेताना होणाऱ्या चुका

थॉमसनच्या वेलीवर मणी ज्वारीच्या दाण्याएवढे झाले की खोडाभोवतीच्या सालीची एक अरुंद अंगठी काढून टाकायची, म्हणजेच गर्डलिंग करायचे, की मणी फुगतो, हे धाराशिव आणि औसा भागातल्या बहुतेक द्राक्ष बागायतदारांना ठाऊक आहे. मात्र या अंगठीने नेमके काय अडते, असे विचारले की दहापैकी आठ जण ‘रस वर थांबतो’ एवढेच सांगून मोकळे होतात. हे उत्तर अर्धे खरे आहे, आणि अर्ध्या खऱ्या उत्तरावर सुरी चालवली तर काय होते, हे मी माझ्याच घरच्या बागेत पाहिले आहे. महाविद्यालयात वनस्पतीशास्त्र शिकवताना मुलांच्या उत्तरपत्रिकांतही मला वर्षानुवर्षे हेच अर्धे उत्तर भेटत आले.

माझ्या पुतण्याने पहिल्या वर्षी डिसेंबरात गर्डलिंग केले आणि त्याचे मणी खरोखरच चांगले फुगले. साधारण महिनाभरात जखमेच्या वरच्या काठावरून गाठाळ ऊती उतरली आणि अंगठी बुजली. ती बुजली म्हणजे फायदा संपला, असा त्याने हिशेब मांडला आणि त्याच जागी पुन्हा, यावेळी बोटभर रुंद, साल काढली. मी हटकले तेव्हा तो म्हणाला, “काका, वेल तर हिरवीगार आहे, मग मुळ्या उपाशी कशा राहतील?” घाईच्या माणसाचा हा अगदी ठरलेला प्रश्न आहे. वेल हिरवी दिसत होती, कारण पाणी आणि त्यात विरघळलेली खते लाकडातल्या जलवाहिन्यांतून वर चढतात आणि सुरीने लाकडाला धक्काही लावलेला नव्हता. पानात तयार झालेली साखर सालीच्या आतल्या थरातल्या रसवाहिन्यांतून जाते, आणि तो रस्ता मात्र पूर्ण तुटला होता. साखर सालीतून जाते, लाकडातून नव्हे, हे 1928 साली त्रिनिदादमध्ये मेसन आणि मास्केल यांनी आपल्याकडच्या ओळखीच्या पिकावर, म्हणजे कपाशीवर प्रयोग करून दाखवले होते.

काढणी झाली, माल गोड निघाला आणि पुतण्या माझ्याकडे पाहून हसला. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली, वरची सगळी पाने गेली, आणि तेव्हा हिशेब उघडा पडला. नवी फूट तीन-चार पानांवर येऊन थबकली, कारण सुरुवातीची फूट खोडात आणि मुळांत साठवलेल्या अन्नावर निघते. त्याने पाणी वाढवले, खत वाढवले, तरी फूट हलेना. मी एका वेलीजवळ उकरून बोटाएवढ्या जाडीचा मुळाचा तुकडा काढला, शेजारच्या गर्डलिंग न केलेल्या वेलीचाही तसाच एक तुकडा आणला, दोन्हींचा आडवा छेद घेतला आणि त्यांवर आयोडीनचे थेंब टाकले. निरोगी वेलीचा छेद पाहता पाहता निळा-काळा झाला. पुतण्याच्या वेलीचा छेद आयोडीनच्याच पिवळट रंगाचा राहिला. त्यात स्टार्च उरलेलाच नव्हता, आणि पांढरी मुळी तर शोधूनही सापडली नाही. खत घ्यायला जे मूळ लागते, तेच तीन महिने पानाकडून काही न मिळाल्याने रिकामे झाले होते.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे की अंगठी 3 ते 5 मिलिमीटरपेक्षा रुंद काढायची नाही, अशक्त वेलीला सुरी लावायची नाही, आणि बुजलेली अंगठी पुन्हा उघडायची नाही. खोडावरची सुकलेली, सुटणारी साल आधी हाताने सोलून घ्यावी, नाही तर सुरी मेलेल्या सालीतच फिरते आणि जिवंत थर तसाच राहतो. सालीचा केसाएवढा पट्टा जोडलेला राहिला तरी साखर तिथून वाट काढते आणि सगळी मेहनत फुकट जाते. उलट, सुरी लाकडात रुतली तर दुपारच्या उन्हात पाने माना टाकतात. काप बरोबर बसला असेल तर काही दिवसांत अंगठीच्या वरचा काठ फुगतो आणि खालचा तसाच राहतो.

मला सर्वांत जास्त चीड आणणारी दुसरी चूक पुस्तकी आहे. ‘पानात साखर जास्त, फळात कमी, म्हणून ती पसरत जाते’ असे मुले लिहितात, आणि काही मार्गदर्शकही तेच सांगतात. साखरेचा रेणू पाण्यात नुसता पसरत एक मीटर जायचा म्हटला तर त्याला साधारण तीस वर्षे लागतील. रसवाहिनीतला रस तेवढे अंतर तासाभरात किंवा त्याच्या आसपास कापतो. शिवाय अनेक पिकांत रसवाहिनीतली साखर पानाच्या हिरव्या पेशींतल्या साखरेपेक्षा दाट असते, म्हणजे तिथे ती पसरत नाही, ओढून भरली जाते. रसवाहिनीच्या चाळणी नलिकेला चिकटून असलेल्या सहपेशी ऊर्जा खर्चून हायड्रोजन आयन बाहेर टाकतात, आणि ते आयन आत परत येताना सुक्रोजला बरोबर घेऊन येतात. खर्च आहे तो या भरणीचा. पुढे नलिकेतून रस वाहतो, तो भरणीमुळे तयार झालेल्या दाबावर. साखर दाट झाली की शेजारच्या जलवाहिनीतून पाणी आत शिरते, तिथला दाब वाढतो, आणि फळाकडे किंवा मुळाकडे, जिथे साखर काढून घेतली जाते, तिथे पाणीही बाहेर पडून दाब उतरतो. अर्न्स्ट म्युंश या जर्मन शास्त्रज्ञाने 1930 साली मांडलेली कल्पना ती हीच.

याचे प्रात्यक्षिक मी दोन अर्धपार्य पिशव्या एका काचनळीने जोडून दाखवत असे. एका पिशवीत साखरेचे दाट द्रावण आणि दुसरीत साधे पाणी भरून दोन्ही पाण्याच्या भांड्यांत बुडवल्या की रंगीत द्रावण नळीतून सरकू लागते. काही वेळाने ते थांबते, आणि मुले पिशवी गळते का ते शोधू लागतात. पिशवी गळत नसते. दुसऱ्या पिशवीत साखर साचल्यामुळे दोन्हीकडचा दाब सारखा होऊन प्रवाह थांबलेला असतो. वेलीत तो थांबत नाही, कारण मूळ ती साखर श्वसनात जाळते किंवा स्टार्च करून ठेवते, आणि मणी ती आपल्या पेशींत साठवतो. अंगठी काढली की खालचा हा ग्राहक सुटतो, वरची साखर घडांकडे वळते, आणि घडही पुरे पडले नाहीत तर पानातच स्टार्च साचून त्याचे काम मंदावते. म्हणून गर्डलिंग केलेल्या वेलीवर घड फार कमी ठेवणे हाही शहाणपणा नाही.

‘अन्न नेहमी खाली जाते’ हे वाक्य विसरावे. शेंड्याजवळचे पान शेंड्याला वर पुरवते आणि खालचे पान मुळाला. कोवळे पान पुरवठा करणारे समजू नये, कारण पूर्ण आकाराच्या साधारण एक-तृतीयांश ते निम्मे होईपर्यंत ते स्वतःच इतर पानांकडून साखर घेत असते, आणि घडाला ऊन मिळावे म्हणून पाने काढताना आधी हे पाहावे. रस मोजायचा म्हणून नलिका कापू नये, कारण कापताच तिच्या चाळण्या प्रथिनाने आणि मग कॅलोजने बुजतात आणि रस थांबतो. दाब खरोखर आहे का, अशी शंका असेल तर कपाशीवरचा मावा पाहावा. त्याची सोंड एका चाळणी नलिकेत शिरली की आतला दाबच रस त्याच्या पोटात लोटतो, आणि न पचलेली साखर त्याच्या मागच्या टोकातून थेंबांनी बाहेर पडून खालच्या पानावर चिकटा होऊन बसते.